रेंडरबरोबर गेलेला आवाज

डिस्क भरली म्हणून कात्रीने रेंडरचं अख्खं फोल्डर उडवलं, वर कचरापेटीही रिकामी केली. कात्री म्हणजे आमच्या स्टुडिओतला एडिटर. रेंडर म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेल्या दृश्यांच्या फायली; त्या काय, पुन्हा करता येतात. पण प्रोजेक्ट उघडला तर माहितीपटातलं निवेदनच गायब! ते एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच, थेट दृश्यांच्या पट्टीवर म्हणजे टाइमलाइनवर रेकॉर्ड केलेलं, म्हणून त्याच फोल्डरात साठलं होतं. फिल्म संध्याकाळी द्यायची आणि निवेदन करणाऱ्या काकू लेकीकडे परदेशी.

"अक्कलही रेंडरमध्येच ठेवली होतीस?" साउंडवाली ताई कडाडली. रोज फायलींच्या प्रती काढते म्हणून महिन्यापूर्वी त्याने तिला चारचौघांत 'साठवणारी मुंगी' म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. तिने आपली डिस्क टेबलावर आपटली. "घे, मुंगीचं वारूळ."

त्याने त्यातला निवेदनाचा आवाज वेगळ्या फोल्डरात उतरवून टाइमलाइनला जोडला. पुन्हा जागा भरत आली, तेव्हा सॉफ्टवेअरच्या मेनूतूनच, फक्त कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फायलींची साठवण, साफ केली.

"माफीचं काय?" ताईने विचारलं.

"आधी फिल्म जाऊ दे."

फिल्म वेळेवर गेली. माफी अजून बाकी आहे.