पडली तर परत घालायची नाही

माझ्या भावजयीला मी घुमी म्हणते, आणि तोंडावर म्हणते. तिला राग येत नाही. खरं तर तिला काहीच येत नाही. राग नाही, रडू नाही, हसू नाही. चहा समोर ठेवला तर पिते, गार झाला असला तरी तसाच पिते. पूर्वी ती अशी नव्हती. लग्नात तिने माझ्या भावाला चारचौघांत असं चिडवलं होतं की तो रडकुंडीला आला होता, आणि मला तेव्हाच ती आवडली होती.

तिची पहिली मुलगी चार महिन्यांची असताना झोपेत गेली. दूध पिऊन झोपली, ती उठलीच नाही. कारण सापडलं नाही. कुणाची चूक नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घुमीने मान हलवली, घरी आली आणि पाळण्यातल्या दुपट्यांच्या घड्या करून कपाटात ठेवल्या. मी तिच्याजवळ बसून ढसाढसा रडत होते आणि ती मला पाणी आणून देत होती.

मग मुलगा झाला, बोका. गालांवरून नाव पडलं, तेच चिकटलं. दवाखान्यातल्या सिस्टरने निघताना आम्हाला सगळं नीट समजावलं. बाळाला पाठीवर झोपवायचं, गादी घट्ट हवी, पाळण्यात उशी, खेळणी काही नको. अंगावरचं दूध नीट सुरू झालं की झोपताना तोंडात रबरी चोखणी द्या. पहिल्या वर्षात झोपेतल्या अशा मृत्यूचा धोका चोखणीने कमी होतो असं दिसून आलंय. तिला दोरी बांधू नका, मध लावू नका. आणि बाळ झोपल्यावर पडली तर परत घालायची नाही, गरज नसते.

मी तिथेच उभी होते, मी सगळं ऐकलं. घुमीने धोक्यापर्यंतचं ऐकलं, पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही. चोखणी तोंडात आहे तोवर मूल जिवंत आहे, एवढंच तिने घरी नेलं.

माझा भाऊ लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवतो, घरी असतो तेव्हा पाहुण्यासारखा असतो. तो नसताना मी एकदा तिच्याकडे मुक्कामाला गेले तेव्हा सारा प्रकार पाहिला. बोका गाढ झोपलेला, चोखणी गादीवर पडायची, आणि ही बाई तत्क्षणी उठून ती त्याच्या तोंडात द्यायची. झोपलेल्या पोराच्या! तो चुळबुळायचा, चोखायचा, परत झोपायचा. रात्रभर हेच. झोप मधून मधून सगळ्यांचीच हलकी होते, आपण कूस बदलतो आणि विसरून जातो. बोक्याला मात्र सवय लागली होती की अशा वेळी कुणीतरी तोंडात काहीतरी द्यायचं असतं. दिलं नाही की भोकाड. तो वर्षाचा झाला, धोक्याचे दिवस सरले, दीड वर्षाचा झाला, तरी ही उठतेच आहे.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती कामाला आहे. पट्ट्यावरून बाटल्या दिव्यासमोरून सरकत जातात आणि तडा गेलेली किंवा आत बुडबुडा असलेली बाटली तिने उचलून बाजूला टाकायची. तिची नजर पक्की होती. पण झोप नसल्याने तिने तडे गेलेल्या बाटल्या पुढे जाऊ दिल्या आणि मुकादमाने तिला खोकी चिकटवायला बसवलं. मला वाटलं, वाईट वाटेल. ती म्हणाली, "बरं आहे. बसायला मिळतं."

त्यातच बोक्याचा कान पुन्हा दुखायला लागला. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासला आणि विचारलं, "चोखणी किती वेळ असते?"

"रात्रभर," मीच सांगितलं.

"हा कान सारखा दुखतोय, त्यात चोखणीचाही हात असू शकतो. पुढे दातांवरही परिणाम होतो. आता सोडवू या."

"मी टोक कापून टाकू का?" फेरीवरून आलेला भाऊ म्हणाला. त्याला सगळं एका घावात हवं असतं.

"मुळीच नाही. तुकडा निघून घशात अडकला तर? आधी कान बरा होऊ द्या, आजारपणात नको. मग जागेपणी बंद करा, मग दुपारच्या झोपेची. रात्रीची शेवटी. रोज त्याच क्रमाने झोपवा. अंग पुसणं, गाणं, दिवा बंद. जवळ मऊ फडकं द्या. सुरुवातीला निजताना चोखणी द्या, पण पडली तर परत घालायची नाही. रडला तर जवळ बसा, पाठीवर हात ठेवा. ते जमलं की निजतानाही द्यायची नाही. आणि एकदा बंद केली की मध्येच दया येऊन काढून देऊ नका."

घुमीने मान हलवली. मुलगी गेली तेव्हा हलवली होती तशीच.

जागेपणीची सुटली. दुपारची मी सोडवली, कारण माझं पाळणाघर आहे आणि बोका दिवसभर माझ्याकडेच असतो. थोडे दिवस किरकिरला, मग बाकीची पोरं आडवी झाली की हाही फडकं गालाला लावून आडवा. रात्री मात्र गाडी जागेवरच. पडली की घुमीचा हात पुढे. "ताई, मला नाही जमत," एवढंच म्हणाली, जणू बरणीचं झाकण निघत नाही. मी चिडले, वाट्टेल ते बोलले. तिच्यावर काही परिणाम नाही. मग मला माझीच लाज वाटली आणि मी तिला सुट्टीच्या दिवशी दुपारी पाळणाघरात बोलावलं.

ती आली, मुठीत चोखणी घेऊनच. पोरं ओळीने झोपली होती. आम्ही दोघी बोक्याच्या सतरंजीशी बसलो. थोड्या वेळाने त्याची झोप हलकी झाली. तोंड उघडलं, ओठ काहीतरी शोधायला लागले, तो कण्हला. घुमी उठायला लागली. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"तोंडाकडे नको बघू. पोटाकडे बघ."

पोट वर येत होतं, खाली जात होतं. बोक्याने कूस बदलली, फडकं ओढलं आणि झोपला. घुमी बघत राहिली, पूर्वी दिव्यासमोर उभी राहून बाटल्या बघायची तशी.

"हिच्याशिवाय घेतोय श्वास," ती म्हणाली.

"मग काय तुझी परवानगी काढून घेणार?" माझी जीभ म्हणजे ना!

 ती मुठीकडे बघत म्हणाली, "तिच्या तोंडात नव्हती. मी आणलीच नव्हती."

इतक्या दिवसांत मुलीबद्दल पहिल्यांदा बोलली. मी कसंबसं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"कुणाची चूक नाही."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली आणि बोक्याशेजारी सतरंजीवर आडवी झाली. बघता बघता तिला झोप लागली. मूठ सैल पडली.

पोरं उठायला लागली तशी मी त्यांना बाहेरच्या खोलीत नेलं. परत आले तर बोका आईच्या डोक्याशी बसलेला. तिच्या हातातली चोखणी त्याला सापडली होती. स्वतःच्या तोंडात घालेल म्हणून मी पुढे झाले. त्याने ती आईच्या तोंडात घातली, नीट बसली का म्हणून बोटाने दाबली आणि तिच्या छातीवर हात ठेवून बसला.

घुमीने डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं. चोखणी तोंडात तशीच, आणि तिचे ओठ थरथरायला लागले. मग ती रडली, मोठ्याने, तोंड उघडून, इतकी वर्षं साठवलेलं सगळं. चोखणी सतरंजीवर पडली. बोक्याने लगबगीने ती उचलली आणि पुन्हा तिच्या तोंडाकडे नेली.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "राहू दे रे राजा. पडली तर परत घालायची नाही."