साळुबाईचा अंगठा

जुन्नरच्या कचेरीसमोर साळुबाईची खानावळ होती तोवर वकिलांची पोटं भरलेली असत आणि पक्षकारांची जीभ सुटलेली असे. पिठलं, भाकरी, लसणाची चटणी आणि वर साळुबाईचं तोंड, एवढं सगळं एका बैठकीत मिळायचं. कोर्टात हरून आलेल्याला ती जास्तीची भाकरी वाढायची आणि जिंकून आलेल्याला टोमणा मारायची. ऐन जवानीत नवरा पटकीनं गेला. पदरी मूल नव्हतं, दिराला तिचं तोंड सोसवेना, म्हणून ती आणे गावच्या पठारावरून इथे उतरली आणि भाकऱ्या थापून थापून तिनं कचेरीजवळ स्वतःचं दोन खणांचं घर केलं. दगड तिचे, माती तिची, कौलंही तिचीच. नवऱ्याच्या इस्टेटीतलं त्यात एक खापरसुद्धा नव्हतं, हे ती न विचारता कुणालाही सांगायची.

तीस वर्षं वकिलांना वाढलं की माणसाला वाटतं आपल्यालाही कायदा येतो. साळुबाईला ते फारच वाटायचं. पलीकडच्या गल्लीतल्या भिमाजीची ती सल्लागार, उसनवारीच्या भांडणात ती पंच, आणि निकाल चुकला की मुनसफालाही चुलीपुढून चार शब्द ऐकवणारी तीच.

मग म्हातारपणी पायरीवरून घसरली आणि खुबा मोडला. खानावळ बंद झाली. साळुबाई बाजेवर आली ती कायमचीच. तेव्हा आण्याहून दिराचा मुलगा कुंडलिक बायकोला घेऊन आला. "काकू, तुमाला सोडून कुठं जावं आमी?" असं म्हणाला आणि खरोखरच कुठेही गेला नाही. सगळं करायची ती त्याची बायको अंजना. उचलायची, धुवायची, कूस बदलायची, भाकरी दुधात कुस्करून भरवायची. कुंडलिक ओट्यावर बसून तंबाखू चोळायचा आणि काकूच्या सेवेत आपण कसे झिजलो ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पुढे येणारेजाणारेही कमी झाले, कारण "काकूला झोप लागलीया" असं सांगून तो प्रत्येकाला दारातूनच परत लावी.

एक दिवस त्यानं कागद आणला. मरेपर्यंत सांभाळण्याच्या बदल्यात घर कुंडलिकच्या नावे, असा मजकूर. साळुबाईनं त्याला आणि कागदाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. कुंडलिकनं कागदाची घडी करून तो खिशात ठेवला. पण त्या दिवसापासून बाजेजवळ कुणी आलं नाही. हाका मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी विनवण्या केल्या. अंजना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दिसायची आणि मान खाली घालून आत जायची. दोन दिवस साळुबाई ओल्यात पडून होती. तिसऱ्या दिवशी तिनं अंगठा दिला. लगोलग गरम पाणी आलं. त्या पाण्याची तिला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

रजिस्टर करायला कुंडलिकनं तिला बैलगाडीतून नेलं. वाटभर पढवलं. सबरजिस्ट्रारनं विचारलं, "बाई, अंगठा तुमचाच ना?" ती म्हणाली, "व्हय." त्यानं शिक्का मारला. अंगठा कुणाचा हे विचारणं त्याचं काम. तो अंगठा बाजेवर कसा पिकवला गेला, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता एखादी बाई रडली असती. साळुबाई मनातल्या मनात हसत होती. कारण तिला कायदा येत होता. दोन-चार वर्षांपूर्वी तिच्याच पंगतीत एका अजाण पोराच्या जमिनीचा खटला रंगला होता. पोरानं लिहून दिलेला कागद कोर्टानं मुळातच नसल्यासारखा धरला होता. विलायतेच्या वरच्या कोर्टानं तसं ठरवलं आहे, असं वकील भाकरी मोडता मोडता सांगत होते. कागद जन्मालाच मेलेला, त्याला मारायलाही जायला नको. साळुबाईनं त्यावर आपली भर घातली होती की जसं पोराच्या कागदाचं, तसंच जबरदस्तीनं घेतलेल्या कागदाचं. त्यामुळे ती निवांत होती. कुंडलिकला सगळं कवटाळून बसू दे, ती मनाशी म्हणायची, हातात मढं आहे त्याच्या.

मग एका सकाळी दोन माणसं दोरी घेऊन घरात शिरली. भिंती मोजल्या, आढं वर बघून मोजलं, बाजेला वळसा घातला. चौकटीत नारायणगावचे खेमचंद शेट उभे होते. कांद्याबटाट्याचा मोठा व्यवहार, स्वभाव मऊ, नजर पक्की. त्यांना कचेरीजवळ वखार हवी होती.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"काकू. माझ्याकडंच असती," कुंडलिक म्हणाला.

साळुबाईनं डोळे मिटून घेतले. मढं विकत घेतोय, तिच्या मनात आलं, घेऊ दे की शेटला.

दुपारी कुंडलिक बाहेर गेल्यावर शेजारची चिमाबाई परसातून डोकावली, तेव्हा तिला ही गंमत साळुबाईनं मोठ्या चवीनं सांगितली. चिमाबाईला गंमत काही कळली नाही. ती थेट सावळेराम वकिलांकडे गेली. सावळेराम शिकाऊ होते तेव्हापासून साळुबाईच्या भाकरीवर वाढलेले. ते आले, तेव्हा दारात अंजना होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली.

साळुबाईनं सगळं सांगितलं, ओल्यात पडल्याचंही सांगितलं, आणि शेवटी विजयानं म्हणाली, "पण कागद रद्दबातल हाय. पोराच्या कागदावानी."

सावळेरामांनी कपाळाला हात लावला.

"काकू, कोणत्या गाढवानं सांगितलं?"

"तुमीच सांगितलं व्हतं. पिठलं खाताना."

"मी पोराचं सांगितलं होतं. पोराला करार करताच येत नाही, म्हणून त्याचा कागद मुळातच नाही. तुम्ही शहाण्या, सज्ञान. तुमचा कागद जिवंत आहे."

"जबरदस्तीनं घेतलेला?"

"जबरदस्तीनं घेतला म्हणूनच तो मारता येतो. पण मारेपर्यंत तो जिवंत. आणि मारायचा हक्क फक्त तुमचा. कुंडलिकचा नाही, माझा नाही, चिमाबाईचा नाही. तुम्ही मुकाट बसलात, त्याच्या भाकऱ्या खात राहिलात, तर उद्या कोर्ट म्हणेल की बाईनं कागद मान्य केला. तीन वर्षांत दावा लावला नाहीत तर तोही रस्ता बंद."

साळुबाईचं तोंड पहिल्यांदाच उघडं राहिलं.

"आणि ती मोजणी?" सावळेराम पुढे म्हणाले. "खेमचंद शेटनं रोख पैसे मोजून, काही माहीत नसताना, खरेदी केली, तर घर त्याचं. मग तुमचं भांडण कुंडलिकशी, घराशी नाही. भांडता येईल, पण मी तुम्हाला भरवसा देणार नाही."

"आन् मी समोर पडलीया, हे त्यानं बघितलं की."

"बघितलं. आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत."

साळुबाईला राग आला, आणि तो नेहमीसारखा दुसऱ्यावर काढायला कुणी सापडेना. घर जात होतं ते कुंडलिकच्या लबाडीनं नव्हे, तिच्या ऐटीनं. ती इतकी घाबरली की तिनं शिवीसुद्धा दिली नाही.

खरेदी दुसऱ्याच दिवशी होती. सावळेरामांनी कुंडलिकच्या नावे नोटीस लिहिली, तिचा अंगठा घेतला, या खेपेला स्वखुशीचा. पण नोटिशीला पाय नसतात. म्हणून सकाळी कचेरीच्या आवारातले चार पक्षकार आले. त्यांतला धर्माजी पूर्वी जिंकून टोमणे खाऊन गेलेला होता. चौघांनी बाज उचलली. वाटेत लोक टोप्या काढू लागले. साळुबाई ओरडली, "आरं, मी जिती हाय. टोप्या घाला."

सबरजिस्ट्रारच्या ओट्यावर खेमचंद शेट थैली मांडीवर घेऊन बसले होते. बाज त्यांच्यासमोरच टेकली.

"शेट, पैसं काढायच्या आधी ऐका. ह्यानं मला दोन दिस ओल्यात ठेवून अंगठा घेतलाय. तो कागद मला मान्य न्हाई. आज, हितं, चारचौघांत सांगती. आता तुमाला ठावं झालं. घेतलंसा तर जाणून घेतलंसा."

कुंडलिक म्हणाला, "म्हातारीचं डोस्कं फिरलंय."

खेमचंद शेटनी सावळेरामांकडे पाहिलं, नोटिशीकडे पाहिलं, आणि थैलीची नाडी पुन्हा ओढून बांधली. "भाऊ, आम्ही बटाटा घेतो तेव्हाही आत कापून बघतो," ते म्हणाले आणि पागोटं सारखं करून उतरले. बाजेपाशी थांबून त्यांनी साळुबाईला हात जोडले. घर वाचलं, निदान त्या दिवसापुरतं.

पुढे दावा चालला. तोवर कुंडलिकनं ओटा सोडला नाही आणि अंजनानं बाज. कुंडलिकच्या वकिलाचा सगळा भर सबरजिस्ट्रारच्या शिक्क्यावर. मुनसफ म्हणाले की ज्या बाईला कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो, तिच्याकडून त्याच दुसऱ्यानं घर लिहून घेतलं, तर ते तिनं राजीखुशीनं दिलं हे त्यानंच शाबीत करायचं. मग त्या वकिलानं शहाणपणा केला. सेवा कशी उत्तम झाली हे सांगायला त्यानं अंजनाला साक्षीला उभं केलं.

अंजनानं सगळं सांगितलं. उचलणं, धुणं, भरवणं. सावळेराम उठले. त्यांनी एकच विचारलं, "मग ते दोन दिवस तू हात का लावला नाहीस?"

अंजनानं कठडा धरला.

"मालक म्हणलं, अंगठा देईपतुर हात लावायचा न्हाई."

कागद रद्द झाला. मुनसफांनी मात्र एक अट घातली. बाईनं या करारात सांभाळ घेतला, तेव्हा त्याचा वाजवी खर्च तिनं परत द्यावा. तो गेला कुंडलिकला. उचललं अंजनानं आणि मोबदला घेतला त्यानं, यावर साळुबाई कोर्टातच काहीतरी बोलली, आणि शिपायानं ते न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी कुंडलिक पैसे घेऊन आण्याला निघून गेला. अंजना त्याच्याबरोबर गेली नाही. गाठोडं बांधून ती बाजेजवळ आली, साळुबाईची कूस बदलली, उशाशी पाणी ठेवलं.

साळुबाईला तिला सोडवेना. तिच्या हातांची इतकी सवय झाली होती की नुसत्या चाहुलीनं अंग सैल पडायचं. चिमाबाई येऊन जाऊन बघेल, पण तिला स्वतःलाच धड वाकता येत नव्हतं.

"पोरी, ऱ्हा हितंच. पगार देईन. चोळीबांगडी करीन. कागद न्हाई, काय न्हाई." मग तिला ते दोन दिवस आठवले आणि तिची जीभ अडखळली. "न्हाई म्हणलीस तरी चालंल. तुज्यावर जोर न्हाई."

अंजनानं तिच्याकडे नीट पाहिलं. असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, ना बापानं, ना नवऱ्यानं. खरंच चालेल का, हे ती म्हातारीच्या चेहऱ्यावर शोधत होती.

"खरंच चालंल?"

"व्हय," साळुबाई म्हणाली, आणि हा होकार तिला अंगठ्याहून जड गेला.

"मग न्हाई, काकू. मी माह्येरी जाती. वारूळवाडीला."

तिनं गाठोडं उचललं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि दार उघडंच ठेवून गेली. साळुबाईनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.