एका कार्डावरची रेघ

ते शिबिर शेंद्र्याकडच्या एका गावात होतं, शाळेच्या वर्गात. गरोदर बायकांचं रक्त तपासायचं काम माझ्याकडं होतं. तिथल्या आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन म्हणून मी नुकतीच बदलून आले होते. त्याआधी सहा वर्षं शहरातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यात काढली होती. तिथं एचआयव्हीच्या झटपट तपासणीच्या रॅपिड कार्डावर आजार दाखवणारी दुसरी रेघ उमटली, की पुढच्या तपासण्यांतही जवळजवळ नेहमी तेच निघायचं. त्या कार्डावर माझा डोळे झाकून विश्वास बसला होता.

दुपारी एक पोरगी सासूबरोबर आली. वीसेक वर्षांची, पाचवा महिना. माहेर पडेगावच्या पलीकडं, वडील मेंढ्या राखणारे. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत. तिच्या बोटाला सुई टोचून थेंब कार्डावर टाकला. वेळ भरली तेव्हा दुसरी रेघ दिसली. फिकट, पण होती.

नियम मला पाठ होता. एका कार्डावर निकाल सांगायचा नाही. वेगवेगळ्या बनावटीच्या तीन तपासण्या केंद्रावर करायच्या, आणि जे काही असेल ते फक्त तिला, एकटीला सांगायचं.

"ताई, लई येळ लावला. काय निघालं?" पोरगी म्हणाली.

मी म्हटलं, "एचआयव्ही निघालाय. नवऱ्यालाही घेऊन ये."

सासू दारातच उभी होती. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

चौथ्या दिवशी पोरगी केंद्रावर आली ती वडिलांबरोबर. सासरच्यांनी तिला कपड्यांसकट माहेरी पोचवलं होतं. मी पुन्हा रक्त घेतलं. शिबिरातल्याच कार्डावर पुन्हा फिकट रेघ आली. दुसऱ्या बनावटीचं कार्ड कोरं, दुसरी रेघच नाही. तिसरंही कोरं. डॉक्टरांनी खात्रीसाठी काही आठवड्यांनी परत बोलावलं. तेव्हाही तसंच. तिला काहीही झालेलं नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, "सर, कार्डांचा तो गठ्ठाच खराब होता का?"

"कार्ड चांगलं आहे," ते म्हणाले आणि केसपेपरच्या पाठीवर लिहू लागले. "समजा, एकही आजारी माणूस या कार्डातून सुटत नाही. पण हजार निरोगी माणसांत पाचांना उगाच रेघ दाखवतं. तुमच्या जुन्या दवाखान्यात हजारात शंभर आजारी धरा. शंभर रेघा खऱ्या, चार-पाच खोट्या. खोट्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत. आता इथल्या हजार गरोदर बायका घ्या. आजारी असली तर एखादी. तिची एक रेघ खरी आणि खोट्या पाच. म्हणजे इथं सहा रेघांतली एकच खरी."

"आणि रेघ नाही आली तर?"

"तर इथं अगदी निर्धास्त. जिथं आजारच कमी, तिथं कार्डाचं 'नाही' पक्कं असतं. कच्चं असतं ते 'आहे'."

तिला विचारून, तो कागद आणि तिचे रिपोर्ट घेऊन मी तिच्या सासरी गेले. नवरा ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं, शंभर आणि एकचा हिशोब मांडला, माझी चूक झाली म्हणाले.

"आधी व्हय म्हनलात, आता नाय म्हनता," तो म्हणाला. "गावाला मी कोन्तं सांगू?"

आतून सासू ओरडली, "कागद बदलून आनला असंल!"

पोरगी माहेरीच बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. नंतर दर चार-सहा महिन्यांनी ती केंद्रावर यायची, लेकीला कडेवर घेऊन. बोट पुढं करून म्हणायची, "ताई, अजून एकदा बघा." मी बघायचे. कोरं असायचं. तिथल्या तिथं कार्ड तिच्या हातात द्यायचे. ती उजेडात धरून, तिरकं करून बघत बसायची.

एकदा मी तिची माफी मागितली. म्हटलं, "माझ्या एका वाक्यानं तुझा संसार मोडला."

ती म्हणाली, "तुमी सांगितलं तवा मला बी खरंच वाटलं ना. घरी जाऊन मीच त्यांच्या अंगावर गेले. म्हनलं, कुठं शेन खाल्लं, माझ्या लेकराला काय लावलं? चार मानसांत बोलले. त्ये नुस्ते बघत राहिले माझ्याकडं." लेकीचं नाक पदरानं पुसत ती पुढं म्हणाली, "कागदानं माझं निस्तरलं ताई. त्यांना जे बोलले, त्ये कसं निस्तरू?"

मी नवं कार्ड काढलं.

आता रेघ दिसली की मी एवढंच म्हणते, "रक्त पुन्हा बघावं लागेल, उद्या केंद्रावर ये." चेहऱ्यावर काही दिसू देत नाही.

फारकत झाल्याचं गेल्या वर्षी तिच्या वडिलांकडून कळलं. तेव्हापासून ती तपासायला यायची थांबली आहे.