कुंकवाखालचा नंबर

इंदापूरच्या लोकल बोर्डाच्या दवाखान्यात बाळंतिणींसाठी वेगळी खोली बांधली, आणि तिथं नर्स हवी म्हणून जाहिरात निघाली. मी तेव्हा बारामतीत एका खाजगी डॉक्टरांकडे नर्स होते. त्यांनीच वर्तमानपत्र माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, हे तुमच्यासाठीच आहे. मी जाहिरात वाचली, पण माझी नजर पगारावर न थांबता शेवटच्या ओळीवर जाऊन थांबली. नर्सला राहायला आवारातच दोन खोल्या मिळणार होत्या.

त्या दोन खोल्यांसाठी माझा जीव तुटत होता, त्याचं कारण सांगते. लग्न होऊन मी वडगावच्या एका बागाईतदार घरात आले. कालव्याच्या पाण्यावर वांगी, मिरची, थोडा ऊस. तीन वर्षांतच नवरा तापानं गेला. तेव्हा मी विशीतही नव्हते. माहेरचे न्यायला आले, तर सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. मी चार इयत्ता शिकलेली होते. सासूबाईंनी गावातल्या मास्तरांना गाठलं, त्यांच्याकडून पुण्याच्या इस्पितळाची माहिती काढली, मला वर्षभर त्यांच्याकडे पुढचं शिकायला धाडलं आणि मग स्वतः पुण्याला सोडून आल्या. भावकीनं नावं ठेवली. परक्या माणसांची धुणी-पुसणी करायला सून धाडली, असं बोलले. सासूबाईंनी कुणाला उत्तर दिलं नाही, फक्त त्या वर्षीची वांगी भावकीत वाटली नाहीत.

आता मामंजींना दम्यानं घेरलं होतं आणि मळा धाकट्या दिरांच्या हाती गेला होता. जावेचा स्वभाव चांगला होता, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. त्या दोघा म्हाताऱ्यांना माझ्याजवळ आणायचं, तर मला घर हवं होतं. बारामतीत मी दवाखान्याच्या माडीवर एका खोलीत राहत होते. तिथं माझी पेटीच कशीबशी मावायची.

डॉक्टरांनी मला माझ्या शिक्षणाची आणि नोकरीची हकिकत लिहून आणायला सांगितलं. मी एका रात्रीत दोन पानं लिहिली. कशी शिकले, किती कष्ट केले, किती अडलेल्या बायका सोडवल्या, सगळं आलं त्यात. डॉक्टरांनी ती पानं डाव्या हाताला ठेवली, जाहिरात उजव्या हाताला, आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ ताडून पाहू लागले. जाहिरातीत पहिलं मागितलं होतं, मान्य इस्पितळातल्या तीन वर्षांच्या जनरल नर्सिंगचं सर्टिफिकेट. ते माझ्याकडे होतं. दुसरं, मिडवाइफरीचं, म्हणजे बाळंतपणाच्या कामाचं वेगळं सर्टिफिकेट. तेही होतं. दोन्ही कागद मी नोकरीला लागले तेव्हापासून डॉक्टरांच्याच कपाटात होते. अनुभव होता. मग पेन्सिल थांबली.

मुंबई सरकारनं नर्सांच्या नोंदणीचा कायदा करून फार दिवस झाले नव्हते. आता नुसतं सर्टिफिकेट पुरत नव्हतं. मुंबईच्या नोंदवहीत नाव लागावं लागे, आणि नर्स म्हणून नाव लागलं म्हणजे मिडवाइफ म्हणूनही लागलं असं नव्हतं. दोन्हीकडे वेगळी नोंद असे. दोन्ही नोंदींचा मिळून एकच दाखला मिळे, त्याला आम्ही परवानाच म्हणायचो. जाहिरातीत दोन्ही नोंदी आणि त्यांचे नंबर मागितले होते. मी नुसतं लिहिलं होतं, ‘रजिस्टर्ड आहे’.

दाखला माझ्याकडे नव्हता, वडगावला होता. मुंबईला अर्ज करताना मी पत्ता घरचा दिला होता. दाखला आला तेव्हा तो एकदा पाहिला आणि सासूबाईंच्या ट्रंकेत ठेवून दिला, कारण त्यांच्या ट्रंकेएवढी सुरक्षित जागा मला दुसरी ठाऊक नव्हती. रविवारी बैलगाडीनं गेले आणि मागितला. सासूबाईंनी तो रेशमी खणात गुंडाळून ठेवला होता. खण उलगडला आणि माझं डोकं भणाणलं.

कागदावर हळदीकुंकवाची जाड बोटं उमटली होती. एकावर एक, दोन दसऱ्यांची. खंडेनवमीला घरात खुरपी, विळे, मोटेचा नाडा मांडतात, त्या ओळीत सासूबाई माझा दाखलाही मांडत होत्या. दोन्ही वर्षी मी कामावर होते, मला काही कळलं नव्हतं. नुसतं कुंकू असतं तर झटकलं असतं, पण पूजेत पाणी शिंपडतात. दाखल्यावरची छापील अक्षरं तग धरून होती, शाईनं भरलेलं सगळं विरघळलं होतं. माझं नाव अर्धं, छापलेला ‘नर्स’ हा शब्द, आणि पुढं, जिथं मिडवाइफची नोंद आणि दोन्ही नंबर हातानं भरले होते तिथं, तांबड्या-पिवळ्या चिखलात निळी शाई.

मी खूप बोलले. शिकवायला धाडलं ते काय कागदाचा देव करायला, असंही बोलले. मामंजी खोकत खोकत म्हणाले, “पोरी, तिला वाचता येत न्हाय.” मी कागद पुन्हा खणात गुंडाळला.

सोमवारी डॉक्टरांपुढं कागद ठेवला आणि म्हटलं, याची नक्कल करून तुम्ही खरी नक्कल म्हणून सही द्या. नंबर मला आठवतात. डॉक्टरांनी कागद उजेडाला धरला, तिरपा केला, भिंग लावलं.

“बाई, जे मला दिसत नाही त्याच्याखाली मी सही करणार नाही,” ते म्हणाले. “आणि नंबर आठवणीतून लिहू नका. एक आकडा चुकला, तर तो दुसऱ्याच कुणा बाईचा परवाना होतो.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मी त्यांना ऐकवलं. माझं काम ते रोज बघत होते. ते शांतपणे म्हणाले, मी बघतो, इंदापूरची कमिटी बघत नाही. मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांना चहा विचारला नाही. पण लिहिलं ते त्यांनी सांगितलं तसंच. माझी दोन पानांची हकिकत फाडली आणि जाहिरातीच्या क्रमानं एक पान लिहिलं. नोंदणीच्या ओळीपुढं लिहिलं, ‘नर्स व मिडवाइफ म्हणून नोंद झालेली आहे, दाखला खराब झाल्याने नंबर वाचता येत नाही, मुंबईहून नोंदवहीचा उतारा मागवला आहे.’ हे लिहिताना आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडतोय असं वाटत होतं. मुंबईला पत्र त्याच टपालानं गेलं.

उतारा यायच्या आतच इंदापूरचं बोलावणं आलं. येताना मूळ कागद आणावेत असं लिहिलं होतं. वडगावला मी तसा निरोप धाडला होता. मोटारीच्या अड्ड्यावर बघते तर सासूबाई पहाटेच गावाहून येऊन बसलेल्या, मांडीवर भाकरीचं फडकं. मी त्यांचंही तिकीट काढलं. लासुर्ण्याच्या पुढं त्यांना मोटार लागली, तेव्हा मी त्यांचं कपाळ धरून बसले.

कमिटीत तिघं होते. पागोटं घातलेले अध्यक्ष, सरकारी डॉक्टर आणि कागद पुढं करणारे कारकून. सरकारी डॉक्टरांनीही तेच केलं, एका हाताला जाहिरात, एका हाताला माझं पान. दोन सर्टिफिकेटं पाहिली, मान हलवली. माझ्याआधी एक बाई येऊन गेली होती. तिची मिडवाइफ म्हणून नोंद पक्की होती, पण जनरल नर्सिंग तिनं केलंच नव्हतं. माझं केलेलं होतं, पण नोंद दाखवता येत नव्हती. दाखला हातात घेतल्यावर डॉक्टरांच्या बोटांना कुंकू लागलं.

अध्यक्षांना वाटलं मी काही लपवायला हे केलंय. तसं ते म्हणाले नाहीत, पण विचारण्याचा सूर तोच होता. मिडवाइफचीच नोंद नेमकी कशी पुसली गेली? मी काही वेडंवाकडं बोलणार, तेवढ्यात दारात बसलेल्या सासूबाई उठून आत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“कुंकू म्या लावलं,” त्या म्हणाल्या. “खंडेनवमीला आमी हत्यारं पुजतो. हिच्या पोटाचं हत्यार ह्यो कागद.”

अध्यक्ष म्हणाले, “अहो, कागदाला कुणी एवढं कुंकू लावतं का?”

त्यांच्या कपाळावर नेहमीचं रुपयाएवढं कुंकू होतं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “हिच्या कपाळाला लावता येत न्हाय मला. मग कुठं लावू?”

दहा-अकरा वर्षं मी त्यांच्या घरची सून होते. एवढ्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. अध्यक्षांनी पागोटं सारखं केलं. कारकून दौतीत बघत राहिले.

सरकारी डॉक्टरांनी बोटं रुमालाला पुसली. ते सासूबाईंना म्हणाले, “आजी, तुमचं पटलं. पण नंबर लागेलच.” आणि मला सांगितलं, तुम्ही जे लिहिलंत ते कागदाशी जुळतंय, एकही शब्द जास्त नाही, म्हणून जागा मुंबईचं उत्तर येईपर्यंत ठेवू. नोंद निघाली तर नेमणूक, नाही निघाली तर नाही. मला तो माणूस आवडला. कुंकवानं विरघळून त्यानं नियम सोडला असता, तर बाळंतिणीच्या खोलीत त्याच्या शेजारी उभं राहायला मला भीती वाटली असती.

परतताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, “गेली व्हय गं नोकरी?” मी म्हटलं, अजून न्हाय. त्यांनी फडकं सोडून भाकरी माझ्या हातात दिली.

उतारा आला. दोन्ही नोंदी होत्या, दोन्ही नंबर होते. माझ्या आठवणीतल्या एका नंबराचा एक आकडा खरंच चुकीचा होता, हे मी बारामतीच्या डॉक्टरांना जाताना सांगितलं आणि त्यांना चहाही दिला. मामंजी आणि सासूबाई इंदापूरच्या त्या दोन खोल्यांत माझ्याबरोबर राहायला आले. मुंबईहून नवा दाखला मागवला, त्याला काच बसवली आणि भिंतीवर लावला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला सासूबाईंनी पाटावर गावाहून आणलेलं खुरपं आणि विळा मांडला. दाखल्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी तो भिंतीवरून काढला आणि पाटावर ठेवला.

“आता काच हाय, आत्याबाई. लावा.”

त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, अगदी कडेला, भीत भीत. बोटाला कुंकू उरलं, ते पदराला पुसायला निघाल्या. मी तो हात धरला आणि ते बोट माझ्या तळहातावर टेकवलं. त्या हात ओढून घेतील असं वाटलं होतं, पण त्यांनी ओढला नाही. उलट दुसरा तळहात मागून घेतला आणि त्यालाही लावलं. कुणी बघत नव्हतं, आणि बघितलं असतं तरी मी कुणाचं ऐकून घेणार नव्हते.

दुपारी निमगावची एक बाई अडलेली आली, म्हणून मला हात धुवावे लागले.