नाडी दाखवणारं घड्याळ

घड्याळ विकत घेणं म्हणजे आपल्या मर्यादित आयुष्याकडे डोळे उघडून पाहणं होय. मी ते घेतलं बायकोच्या सांगण्यावरून.

इथे आखातात, गाला नावाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या सुट्या भागांच्या कंपनीत एक स्टोअरकीपर होता, माझ्याच वयाचा. एका सकाळी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. समोरचा चहा अर्धा तसाच होता. कंपनीने शोकसभा घेतली. मॅनेजरसाहेब ‘कुटुंब’ हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत राहिले आणि मी पूर्ण वेळ शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभा होतो. लोकांना ते आदराचं वाटलं. मी ठोके चाचपत होतो.

बायकोला फोनवर हे सांगायला नको होतं. “अहो, नाडी दाखवणारं घड्याळ घ्या,” ती म्हणाली. “बाकी काही नको मला.”

मी तोवर कधी घड्याळ घेतलं नव्हतं. मोबाइलवर भागत होतं. वीस रियालच्या आत बसेल ते घ्यायचं असं ठरवून शुक्रवारी रुवीच्या बाजारात गेलो. सोबत खोलीतला जोडीदार होता, सावंतवाडीकडचा, एसी दुरुस्त करणारा.

दुकानदार केरळचा होता. त्याने काचेवर तीन घड्याळं मांडली आणि आधी स्मार्टवॉच माझ्या मनगटावर चढवलं. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकला. पडद्यावर आकडा आला : एकशे अडतीस.

माझे पाय गार पडले. दुकानात एसी होता, पण एवढाही नव्हता.

“ये रहने दो,” मी म्हणालो. जणू घड्याळ काढलं की आजारही काचेवर राहील.

“तो ऑटोमॅटिक लो भाई,” दुकानदार म्हणाला. “बॅटरी का झंझट नहीं. हाथ हिलेगा, तो चलेगा.”

“और नहीं हिलेगा तो?”

“डेढ़-दो दिन में बंद.”

आतलं वजन हाताच्या हालचालीने फिरतं आणि त्याने स्प्रिंगला चावी मिळते, हे त्याने कौतुकाने समजावलं. मला पलंगावर न हलणारा एक हात दिसला, आणि सवडीने थांबणारं घड्याळ. शिवाय ते बजेटच्या बाहेर होतं. भीतीतही ही नोंद घेतली गेली.

“क्वार्ट्झ?”

“एक सेल में दो-तीन साल. आप पहनो, मत पहनो, चलता रहेगा.”

हे तर आणखी वाईट. मी गेल्यावरही ते माझ्या मनगटावर बिनचूक वेळ सांगत राहणार. एक माझ्यामागून थांबणार, दुसरं थांबणारच नाही, आणि तिसरं आधीच सांगून घाबरवणार. मी काचेला धरून उभा राहिलो.

जोडीदाराने माझं तोंड पाहिलं, स्मार्टवॉच उचलून पुन्हा माझ्या हातावर चढवलं. “मेल्या, ह्यां हातात नुसतां लोंबकाळत होतां. नाडी बघूची तर आधी नाडी आवळ!” लेंग्याला ओढावं तसा त्याने पट्टा ओढला. पट्टा सैल असला की त्या दिव्याचा अंदाज चुकतो, असं दुकानदारानेही कबूल केलं. आकडा एकशे चारवर उतरला.

“बघ, इलां खाली.”

“एकशे चारही जास्तच आहे.”

“तू घाबारलंस म्हणान तां!”

काहीही न घेता मी बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी सुट्टीच होती; सकाळी क्लिनिक उघडायच्या आधी दारात होतो. तिथल्या नर्सने माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि दुसऱ्या हातातल्या साध्या काट्यांच्या घड्याळाकडे बघत ओठांत मोजू लागली. मी श्वास रोखून धरला. “सांस लो,” ती न बघता म्हणाली.

शहात्तर. मग ईसीजी काढला. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला, चहा कमी करायला सांगितला आणि पुढच्याला बोलावलं.

“सिस्टर, ये घड़ी कौनसी?” मी जाताना विचारलं.

“सेलवाली. सेकंद काटा होना, बस.”

संध्याकाळी तसलंच क्वार्ट्झ घेतलं, सेकंद काट्याचं. बायकोला सांगितलं, नाडी दाखवतं. फक्त बोटं माझी लावावी लागतात. अजूनही मी रोज मोजतो, आणि मोजताना थोडा घाबरतो.

ते स्मार्टवॉच जोडीदाराने घेतलं. त्याच रात्री जेवताना त्याने ते कागदात गुंडाळलेल्या शवर्म्याला आवळून बांधलं. हिरवा दिवा लुकलुकला.

शवर्म्याची नाडीही शहात्तर होती.