पार्किंगमधल्या दोन भिंती

ऐंशीच्या दशकात घाटकोपरला एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात मी गणितं करायचे. साहेब हुशार, पण घाईचे. अंधेरीच्या एका चार मजली इमारतीची फाईल त्यांनी माझ्यापुढे टाकली आणि पत्ता ओळखीचा निघाला. तिसऱ्या मजल्यावर ताईनं आणि भावजींनी घर घेतलं होतं.

काम किरकोळ होतं. तळमजला गाड्यांसाठी मोकळा. तिथे उंची मिळावी म्हणून आर्किटेक्टनं बीमची जाडी साइटवरच जवळजवळ निम्मी करून घेतली होती, स्लॅबही ओतून झाला होता. कॉलमला चालतंय का, एवढंच पाहायचं. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला कॉलम-बीमच्या ताठपणाचं प्रमाण काढायचं, आलेखावर लावायचं, की कॉलम प्रत्यक्षाच्या किती पट लांब असल्यासारखा वागेल तो गुणक मिळतो. बीम जितके लेचेपेचे तितका गुणक मोठा. पण साहेबांनी धरलेल्या आलेखावर तो जेमतेम पाऊणपर्यंत सरकला. बीम एवढे बारीक झाले आणि कॉलमला त्याचा पत्ताच नाही? मला पटेना.

आलेख दोन असतात. कॉलम-बीमचा सांगाडा, म्हणजे फ्रेम, भिंतींनी अडवल्यामुळे बाजूला सरकू शकत नसेल तर पहिला, त्यात गुणक एकाच्या वर जात नाही. सरकू शकत असेल तर दुसरा, त्यात तो एकाच्या खाली येत नाही. साहेबांनी पहिला धरला होता आणि खाली तर एकही भिंत नव्हती. दुसऱ्यावर गुणक आला पावणेदोनच्याही वर. तीन मीटर उंच, नऊ इंच रुंद कॉलम साडेपाच मीटरचा असल्यासारखा वागणार होता. आखूड समजून सोडलेले कॉलम सडपातळ, म्हणजे भाराखाली जास्त वाकणारे निघाले, आणि ते जादा वाकणं सोसायला लागणाऱ्या सळ्या त्यांत नव्हत्याच. मला भीती वाटली. साहेबांचा रागही आला.

दोन्ही गुणक मी साहेबांपुढे ठेवले. ते म्हणाले, "वर सगळीकडे भिंती आहेत गं."

"खाली नाहीत ना साहेब. सरकणार तो खालचाच मजला."

तोडफोड करायला बिल्डर तयार नव्हता. शेवटी साहेबांनी खाली दोन ठिकाणी, कॉलमपासून कॉलमपर्यंत आणि वर बीमला घट्ट भिडतील अशा जाड भिंती आखून दिल्या. काँक्रीटलाही बिल्डरनं नाक मुरडलं म्हणून त्या विटांच्या बांधल्या. त्या आहेत तोवर पहिला आलेख चालवून घेता येईल, असं साहेब म्हणाले. ड्रॉइंगवर मी लिहिलं, "पाडू नयेत." ते ड्रॉइंग आमच्याच कपाटात राहिलं.

ताई राहायला गेली; भिंती झाल्यात म्हणून मी तिला काही सांगितलं नाही. पुढे एका रविवारी तिच्याकडे गेले तर पार्किंगमध्ये भलताच उजेड होता. भावजी तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी झाले होते. मला पाहून हौसेनं म्हणाले, "झकास झालं ना? मधल्या त्या दोन भिंती म्हणजे उगाच अडगळ होती. काढून टाकल्या."

मी म्हटलं, "भावजी, ताईला आणि मुलांना आधी खाली बोलवा."

ते हसले. "अगं, महिना झाला पाडून. हललं का काही?"

आणि मला चहाला बोलावत ते जिना चढायला लागले.