टिपणांमधलं आपलं आणि परकं

आमच्या दादरच्या कॉलेजात संशोधन करणाऱ्यांसाठी 'संशोधनातला प्रामाणिकपणा' या विषयावर शिबिर भरलं, तेव्हा ग्रंथपाल म्हणून मलाही बोलायला सांगितलं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. कॉलेजचा लाऊडस्पीकर जवळच्या मैदानातल्या सभेला गेलेला, आणि आता घसा फोडून बोलावं लागणार म्हणून मी सकाळपासूनच करवादलेली. त्यात प्राचार्य येऊन म्हणाले, "बाई, आपल्याकडचं ते ताजं उदाहरण द्या की."

"नाही देणार," मी म्हटलं. "ते समोर बसणार आहेत. माणूस आहे तो, फळ्यावरचं गणित नव्हे."

ते म्हणजे परळच्या चाळीत राहणारे, दिवसा शाळेत शिकवून संध्याकाळी आमच्या वाचनालयात येऊन बसणारे एक मास्तर. गिरणगावातल्या भजनी मंडळांवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. चाळीतला पहिलाच प्रबंध, त्यामुळे चाळीला केवढं कौतुक! परीक्षकांनी तो परत पाठवला. काही परिच्छेद इंग्रजी पुस्तकांतून सरळ मराठीत उतरलेले होते आणि उल्लेख कुठेच नव्हता. पुन्हा सादर करायची एकच संधी मिळाली होती. दुसऱ्याचं जे असेल ते नावानिशी दाखवायचं, नाहीतर विषय संपला.

स्टाफरूममध्ये कुजबुज चाले, "चोरलंन." चोरी कसली डोंबलाची! आज हरताळ, उद्या संचारबंदी, वाचनालय कधी बंद होईल याचा नेम नसायचा. मास्तर घाईघाईत इंग्रजी वाचत आणि कार्डावर मराठीत टिपून घेत. शब्द आपले, अक्षर आपलं, मग अवतरणचिन्ह कशाला, असं त्यांना वाटलं. पुढे लिहायला बसले तेव्हा तीच कार्डं त्यांना स्वतःचे विचार वाटू लागली. चोराला निदान आपण चोरी केली हे माहीत तरी असतं.

भाषणात मी हेच सांगितलं, कुणाकडे न बघता. "टिपण काढायला बसलात की आधी पुस्तकाचं नाव लिहा, पान लिहा, मग मजकूर. नंतर लिहू म्हणालात की राहिलंच समजा. जसंच्या तसं उतरवलंत तर तिथल्या तिथे अवतरणचिन्ह. भाषांतर केलंत म्हणून विचार तुमचा होत नाही, नाव त्याचंच द्यायचं. सारांश हवा असेल तर पुस्तक मिटा, आपल्या शब्दांत लिहा, मग उघडून ताडून बघा. नाव तरीही द्या. आणि स्वतःला काही सुचलं तर ते वेगळ्या कार्डावर, वर ठळक 'माझं' लिहून. लाजू नका हो!"

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. ते शेवटच्या बाकावरून उठले.

"बाई, खूण केलेलीच नसेल, तर त्यातलं आपलं कुठलं ते कसं ओळखायचं?"

सगळ्या माना मागे वळल्या.

"मूळ पुस्तकांशी ताडून," मी म्हटलं.

"ती पुस्तकंच आता मिळत नसली तर?"

गिरगावातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाच्या घरी बसून त्यांनी बरंच वाचलं होतं. म्हातारा गेला आणि पोरांनी कपाटांतली सगळी पुस्तकं रद्दीत विकून टाकली. हे मला ठाऊक होतं. खोटा दिलासा द्यावा असं फार वाटलं, पण तिथे उभं राहून तो देता येईना.

"मग ज्याची शंका असेल ते वापरायचं नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणून ते खाली बसले.

दुसऱ्या दिवसापासून ते कार्डांचे खोके घेऊन माझ्या समोरच्या टेबलावर बसू लागले. आमच्याकडची पुस्तकं मी काढून देई, दोघं मिळून ताडत असू. सापडलेल्यावर नाव चढे. न सापडलेली कार्डं ते बाजूला टाकत. तो ढीग वाढत चालला आणि प्रबंध आटत चालला. माझा जीव नुसता तुटत होता.

एक कार्ड त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवलं. मी वाकून वाचलं. त्यांच्या वडिलांबद्दल होतं. कोकणातून आल्यावर वडिलांनी मुंबईत आधी खोली शोधली नाही, काम शोधलं नाही, गावचं भजन कुठे बसतं ते शोधलं. परक्या शहरात माणूस आधी ओळखीचा सूर शोधतो, असं पुढे लिहिलं होतं.

"अहो, हे तुमचंच आहे!" मी जवळजवळ ओरडलेच. "वडील तुमचे, दुसरं कोण लिहिणार?"

"वडील माझे, बाई," ते म्हणाले. "पण पुढचा विचार? तो मला सुचला की कुठे वाचला, शपथेवर सांगता येत नाही. आता माझाच मला भरवसा वाटत नाही."

मला रडू आवरेना. त्यांनी ते कार्ड परक्या ढिगावर ठेवलं आणि पुढचं उचललं.